हॉइस्टला डीटीसी की व्हेक्टर? हळू उतरवताना भार का निसटतो

प्रश्न: भोसरीला आमच्या प्रेस शॉपमध्ये १० टनी ईओटी क्रेन आहे. हॉइस्टची मोटर २२ किलोवॅट, ४ पोल, १४६० आरपीएम, पूर्ण वेग मिनिटाला १० मीटर. ड्राइव्ह सेन्सरलेस व्हेक्टर, एन्कोडर नाही. उचलताना काही त्रास नाही. पण डाय बसवताना अगदी हळू खाली घेतली की झटका बसतो, कधी डाय थोडी निसटते. दुपारनंतर जास्त. एक सप्लायर म्हणतो डीटीसी ड्राइव्ह घ्या, एन्कोडरची गरजच नाही. दुसरा म्हणतो आहे त्यालाच एन्कोडर लावा. कोणाचं ऐकू?

उत्तर:

दुसऱ्याचं ऐका. फक्त त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. सध्याच्या ड्राइव्हमध्ये एन्कोडर, म्हणजे शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर, जोडायचं कार्ड बसतं का, आणि मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर बसवायला जागा आहे का. बऱ्याच हॉइस्टमध्ये तिथे डिस्क ब्रेक असतो, त्यामुळे हे नेमप्लेटवरून कळत नाही, वर चढूनच बघावं लागतं. आणि हे काम होईपर्यंत पेंडंटची सगळ्यात हळू पायरी भारासकट वापरू नका. डायखाली कोणाचा हात जाईल अशी वेळच येऊ देऊ नका.

आता कारण सांगतो. तुमच्यासमोर निवड मांडली गेली आहे ती डीटीसी, म्हणजे डायरेक्ट टॉर्क कंट्रोल, की व्हेक्टर अशी. तुमचा त्रास त्या निवडीतला नाहीच. तो एन्कोडर आहे की नाही यातला आहे, आणि त्यातही फक्त उतरवताना, फक्त अगदी कमी वेगाला उठणारा.

दोन पद्धतींत फरक कुठे आहे ते आधी बघू. व्हेक्टर कंट्रोलमध्ये मोटरच्या करंटचे दोन भाग पाडतात. एक रोटरचा फ्लक्स तयार करतो, दुसरा टॉर्क देतो. प्रत्येकाला स्वतंत्र पीआय कंट्रोलर असतो आणि त्यांनी मागितलेलं व्होल्टेज ठरावीक स्विचिंग फ्रिक्वेन्सीवर पीडब्ल्यूएम करून मोटरला दिलं जातं. ही कल्पना जर्मनीत १९६८ ते १९७२ च्या दरम्यान हासे आणि ब्लाश्के यांनी मांडली. डीटीसी नंतरचं. १९८६ मध्ये ताकाहाशी आणि नोगुची यांनी ते मांडलं, डेपेनब्रॉक यांनी त्याच सुमारास तसंच काम स्वतंत्रपणे केलं, आणि १९९५ मध्ये एबीबीने एसीएस ६०० मालिकेत ते बाजारात आणलं. इथे मधले करंट कंट्रोलर नाहीत, वेगळा पीडब्ल्यूएमही नाही. स्टेटर फ्लक्स आणि टॉर्क किती आहेत याचा अंदाज दर २५ मायक्रोसेकंदांच्या आसपास काढायचा, ते ठरलेल्या पट्ट्याच्या वर गेले की खाली ते बघायचं, आणि इन्व्हर्टरच्या आठ स्थितींपैकी योग्य ती थेट टेबलमधून उचलायची. त्यामुळे टॉर्क एक-दोन मिलिसेकंदांत बदलतो. बदल्यात स्विचिंग फ्रिक्वेन्सी स्थिर राहत नाही, आवाज थोडा खरखरीत येतो.

टॉर्कचा हा वेग खराच उपयोगी आहे, पण हॉइस्टला नाही. तुमचा ब्रेक सुटायलाच काही दशांश सेकंद लागतात, त्यापुढे वायररोपचा ताण आणि गिअरबॉक्समधली ढिलाई. एक मिलिसेकंद की दहा, डायला काही कळत नाही.

दोघांची दुखरी जागा मात्र एकच आहे. एन्कोडर नसेल तर मोटरच्या आत फ्लक्स किती आणि कुठे आहे हे टर्मिनलवरच्या व्होल्टेज-करंटवरूनच ओळखावं लागतं. डीटीसीमध्ये हे गणित उघडपणे असं लिहिलेलं असतं:

```
ψs = ∫ (us − Rs · is) dt
```

म्हणजे मोटरला दिलेल्या व्होल्टेजमधून वाइंडिंगच्या रोधात खर्च झालेलं व्होल्टेज वजा करायचं. उरतो तो बॅक ईएमएफ, आणि त्याची बेरीज करत गेलं की फ्लक्स. सेन्सरलेस व्हेक्टरमध्ये ऑब्झर्व्हर असतो, त्याचं रूप जास्त सजवलेलं असतं, पण कमी वेगाला त्याचाही आधार हाच.

वेग चांगला असताना हे छान चालतं. तुमच्या मोटरला ५० हर्ट्झला फेजमागे २४० व्होल्ट लागतात, म्हणजे दर हर्ट्झला साधारण ४.८ व्होल्ट. १० हर्ट्झला बॅक ईएमएफ ४८ व्होल्ट होतो आणि रोधातले चार-सहा व्होल्ट त्यापुढे किरकोळ ठरतात. फ्रिक्वेन्सी एक हर्ट्झवर आली की चित्र उलटतं. वजा करायचा आकडा उरणाऱ्या आकड्याएवढाच होतो. काट्यावर आधी ड्रायव्हरसकट ट्रक तोलायचा, मग ड्रायव्हरशिवाय, आणि फरकावरून ड्रायव्हरचं वजन सांगायचं, तसला हा प्रकार आहे. काटा शंभरातला एक चुकला तरी ड्रायव्हरचा आकडा निरर्थक होतो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. तुम्ही लिहिलंय, उचलताना त्रास नाही. वेग तोच, भार तोच, मग उतरवताना काय वेगळं होतं? वेगळी होते स्टेटरची फ्रिक्वेन्सी. मोटरच्या मॉडेलला वेगाशी थेट घेणंदेणं नसतं, त्याला स्टेटरची फ्रिक्वेन्सी लागते. इंडक्शन मोटरमध्ये या दोन्हींत स्लिपचा फरक असतो. उचलताना रोटर वरच्या दिशेने फिरतो आणि टॉर्कही वरच्या दिशेने, म्हणून स्टेटरची फ्रिक्वेन्सी म्हणजे वेग अधिक स्लिप. उतरवताना रोटर उलटा फिरतो, पण टॉर्क अजूनही वरच लावायचा असतो, नाहीतर भार कोसळेल. म्हणून तिथे वेग वजा स्लिप.

तुमचे आकडे घालून बघू. १४६० म्हणजे पूर्ण टॉर्कला स्लिप ४० आरपीएम, हर्ट्झमध्ये १.३. दहा टन उचलताना मोटरला साधारण ९० टक्के टॉर्क लागत असेल. उतरवताना गिअरबॉक्स आणि पुलींमधलं घर्षण आपल्या बाजूने असतं, त्यामुळे तोच भार धरायला ६० टक्के पुरतो. स्लिप त्याच प्रमाणात कमी होते. उचलताना १.२ हर्ट्झ, उतरवताना ०.८.

डाय बसवताना समजा तुम्ही मिनिटाला अर्धा मीटर वेग ठेवता. म्हणजे मोटर ७३ आरपीएमला, रोटरच्या हिशेबाने २.४ हर्ट्झ. उचलताना स्टेटरला मिळतात ३.६ हर्ट्झ. उतरवताना फक्त १.६. आता ऑपरेटरने आणखी हळू केलं, मिनिटाला पाव मीटर, म्हणजे सेकंदाला चार मिलिमीटर. डॉवेल पिनवर डाय बसवायला हाच वेग बरा वाटतो. रोटर १.२ हर्ट्झ, वजा ०.८, उरले ०.४ हर्ट्झ. आणखी थोडं हळू, मिनिटाला १७ सेंटिमीटरच्या आसपास, की स्टेटरची फ्रिक्वेन्सी शून्य.

शून्य फ्रिक्वेन्सीला स्टेटरमध्ये निव्वळ डीसी वाहतो. फ्लक्स एका जागी थांबलेला असतो, त्यामुळे वाइंडिंगमध्ये काहीच प्रेरित होत नाही. रोटर २४ आरपीएमने फिरत असतो, पण त्याचा कुठलाही माग टर्मिनलवर उरत नाही. प्रोसेसर कितीही वेगवान घ्या, जी माहिती तारेवर येतच नाही ती त्याला मिळणार नाही. मूळ लहरीवर चालणाऱ्या कुठल्याही सेन्सरलेस पद्धतीची ही भिंत आहे, नाव डीटीसी असो की व्हेक्टर. वरून उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडून रोटर शोधायची युक्ती असते, पण तिला रोटरच्या दोन अक्षांत चुंबकीय फरक लागतो. आतल्या मॅग्नेटच्या मोटरमध्ये तो असतो. साध्या स्क्विरल केजमध्ये जवळपास नसतो.

ही भिंत झटक्यात ओलांडली तर काही बिघडत नाही. वेग वाढवत खाली जाताना फ्रिक्वेन्सी शून्यातून पलीकडे जाते आणि तेवढा वेळ ड्राइव्ह जुन्या अंदाजावर रेटून नेतो. बिघडतं ते तिथे रेंगाळल्यावर, आणि डाय बसवणं म्हणजे रेंगाळणंच.

दुपारचा प्रश्नही इथेच सुटतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. सकाळी थंड शेडमध्ये वाइंडिंग १५ अंशाला असेल आणि चार तास काम झाल्यावर ९५ ला, तर रोध ३१ टक्के वाढला. तुमच्या मापाच्या मोटरचा रोध फेजमागे ०.१५ ओहमच्या आसपास धरा, उतरवतानाचा करंट २८ अँपिअर. रोधातलं व्होल्टेज ४.२, आणि तापल्यामुळे आलेली चूक १.३ व्होल्ट. मिनिटाला अर्धा मीटरला बॅक ईएमएफ ७.७ व्होल्ट, चूक १७ टक्के. रडतखडत चालेल. पाव मीटरला बॅक ईएमएफ १.९, चूक जवळपास ७० टक्के. तिथे ड्राइव्हला फ्लक्स कुठे आहे हे खरोखर ठाऊक नसतं. टॉर्क पडतो, भार सरकतो, सरकल्यामुळे वेग आणि फ्रिक्वेन्सी वाढते, ड्राइव्हला पुन्हा दिसायला लागतं आणि तो भार खाडकन पकडतो. तुमचा झटका तो हाच.

वाइंडिंगशिवाय आणखी एक चोर आहे. ड्राइव्ह मोटरचं व्होल्टेज बहुधा मोजत नाही, डीसी बस आणि स्विचच्या वेळा यांवरून ते मानून चालतो. आयजीबीटीचा डेड टाइम ३ मायक्रोसेकंद, स्विचिंग ४ किलोहर्ट्झ, बस ५६० व्होल्ट असेल तर नुसत्या डेड टाइममुळे ६.७ व्होल्ट इकडेतिकडे होतात. चांगले ड्राइव्ह त्यातलं बरंचसं भरून काढतात, पण करंट शून्यातून जाताना थोडं राहतंच. आपण १.९ व्होल्ट शोधतोय हे विसरू नका. केबलही मोजा. १६ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला १.१५ ओहम असतो, म्हणजे ४० मीटर फेस्टून केबल धरली की ०.०४६, मोटरच्या जवळपास एक तृतीयांश. पॅनलशेजारी मोटर ठेवून छोट्या केबलवर ऑटो-ट्यून केलं आणि नंतर मोटर वर चढवली, असं मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वारंवार बघतो. ते ट्यूनिंग वाया गेलेलं असतं.

हे खरंच तुमच्याकडे होतंय का, ते पडताळून घ्या. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर वेग बघून काही कळणार नाही, कारण सेन्सरलेसमध्ये तो आकडाही अंदाजच असतो. डाय खरोखर निसटत असताना डिस्प्ले शांतपणे ४० आरपीएम दाखवत राहील, आणि स्पीड डेव्हिएशनचा ट्रिपही येणार नाही, कारण ड्राइव्हच्या मते सगळं ठीक आहे. चाकणच्या एका शेडमध्ये तीन महिने ब्रेकच्या लायनिंगवर संशय घेत होते तो याचमुळे. ड्रमवर खडूने खूण करा, टॅकोमीटर लावा. सात-आठ टनांचा निर्जीव भार जमिनीपासून वीतभर उंचीवर घ्या, खाली कोणी नको. मग डिस्प्लेवर आउटपुट फ्रिक्वेन्सी आणि करंट ठेवून हळूहळू उतरवा. खडूची खूण डिस्प्लेपेक्षा वेगळ्या वेगाने फिरायला लागली आणि तेव्हा आउटपुट फ्रिक्वेन्सी एक हर्ट्झच्या आत असली, तर निदान पक्कं. हाच भार उचलताना तसं होत नसेल, तर शंकेला जागा उरत नाही. दोन्हीकडे सरकत असेल किंवा मोटर बंद असतानाही खाली येत असेल, तर ब्रेक बघा. तो वेगळा विषय.

डीटीसीवाल्या सप्लायरने तुम्हाला कॅटलॉगमधली ओळ दाखवली असेल: एन्कोडरशिवाय शून्य वेगाला १५० टक्के टॉर्क. ती ओळ खोटी नाही. शून्य वेगाला दीडपट टॉर्क देताना स्टेटरची फ्रिक्वेन्सी दोन हर्ट्झ असते, तेवढी स्लिपच असते. म्हणजे वेग शून्य असला तरी ड्राइव्हला बघायला काहीतरी मिळतं. तुमची अडचण शून्य वेगाची नाही, शून्य फ्रिक्वेन्सीची आहे, आणि ती उतरत्या भाराच्या बाजूला असते. त्या सप्लायरला एवढंच विचारा: गरम मोटरवर, भार उतरवताना, मिनिटाला पाव मीटर वेगाने अर्धा मिनिट धरून दाखवाल का?

एन्कोडर लावल्यावर काय बदलतं? रोटरचा वेग मोजलेला मिळतो, म्हणून फ्लक्सचा अंदाज व्होल्टेजऐवजी करंट आणि वेग यांवरून काढता येतो. त्यात स्टेटरचा रोध लागतच नाही, डेड टाइमही लागत नाही. लागतो तो रोटरचा टाइम कॉन्स्टंट. तोही तापमानाने बदलतो, पण त्याची चूक सौम्य असते. त्याच टॉर्कला थोडे अँपिअर जास्त जातात, ड्राइव्ह दाखवतो तो टॉर्क थोडा चुकतो, पण वेग खरा मोजलेला असल्यामुळे भार जागेवर राहतो. डीटीसी ड्राइव्हलाही एन्कोडर दिला की कमी वेगाला तो असंच करंटचं मॉडेल वापरतो. म्हणूनच म्हणतो, एन्कोडर असेल तर दोन्ही ड्राइव्ह डाय नीट बसवतील, नसेल तर दोन्ही निसटवतील.

बसवताना काही गोष्टी सांभाळा. १०२४ पल्सचा इन्क्रिमेंटल एन्कोडर पुरतो. २४ आरपीएमला चारही कडा मोजल्या तर सेकंदाला साधारण १६०० काउंट येतात, म्हणजे मिलिसेकंदाला दीड. म्हणून वेगाचा फिल्टर दहा मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, त्याखाली वेग नाचताना दिसेल. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर किंवा गिअरबॉक्सच्या हायस्पीड शाफ्टच्या मोकळ्या टोकावर लावा. ड्रमवर नको. तिथे वेगही कमी आणि गिअरची ढिलाईही मध्ये येते. शिल्डेड केबल मोटरच्या केबलपासून लांब न्या. पहिल्यांदा रिकाम्या हूकने चालवा. ए आणि बी उलटे जोडले गेले असतील तर मोटर हळू वेगाला घुरघुरते, करंट लिमिटला जातो आणि वेग वाढतच नाही. हे रिकाम्या हूकवर कळलेलं बरं. एन्कोडर लॉसचं प्रोटेक्शन चालू ठेवा, त्यावर ट्रिप आणि ताबडतोब ब्रेक. वायर तुटली तर ड्राइव्हला वेग शून्य दिसतो आणि तो चुकीच्या समजुतीवर टॉर्क लावत सुटतो. ब्रेक सोडण्याआधी मोटर मॅग्नेटाइज व्हायला वेळ द्या, या मापाला साधारण अर्धा ते एक सेकंद, आणि टॉर्क तयार झाल्याची खात्री झाल्यावरच ब्रेक सुटेल असं लॉजिक ठेवा. नाहीतर एन्कोडर असूनही उचलताना पहिल्या क्षणी भार बसतो, आणि मग लोक एन्कोडरला नावं ठेवतात.

एन्कोडर बसवणं काही केल्या जमत नसेल तर? तेव्हा किमान वेग १० टक्क्यांवर अडवा, म्हणजे मिनिटाला एक मीटर. उतरवताना स्टेटरला ४ हर्ट्झ मिळतात आणि रोधाची चूक सात टक्क्यांच्या आत येते. थांबताना शून्यावर धरून ठेवू नका, वेग दोन-तीन हर्ट्झवर आला की ब्रेक लागू द्या. पूर्ण केबल जोडून, मोटर कोमट असताना ऑटो-ट्यून पुन्हा करा. ड्राइव्हमध्ये तापमानानुसार रोध सुधारायची सोय असेल तर चालू करा, पण तीही शून्य फ्रिक्वेन्सीजवळ आंधळी होते हे ध्यानात ठेवा. एवढं केल्यावर क्रेन सुरक्षित होईल, पण सेकंदाला १७ मिलिमीटरने डाय पिनवर बसवणं तुमच्या माणसांना आवडणार नाही. मग स्वतंत्र मायक्रो-स्पीडचा हॉइस्ट किंवा एन्कोडर, यातून निवडावंच लागेल.

डीटीसी वाईट आहे असा अर्थ काढू नका. इंजिन टेस्ट बेडचा डायनॅमोमीटर किंवा अचानक जाम होणारा क्रशर असता, तर तिथे टॉर्कची ती चपळाई पैसे वसूल करते आणि मी तेच घ्या म्हणालो असतो. तुमच्या जागी नवा ड्राइव्ह घ्यायची वेळ आलीच, म्हणजे सध्याच्यात एन्कोडर कार्ड बसत नसेल, तर दोन्हींचे भाव मागवा. भावात एन्कोडर कार्ड, हॉइस्टचं ब्रेक लॉजिक आणि जागेवरचं कमिशनिंग धरा, आणि वरची चाचणी खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या: तासभर चालून तापलेली मोटर, आठ टन, उतरवताना मिनिटाला पाव मीटर, अर्धा मिनिट, ड्रमवर खडूची खूण. जो लिहून देईल त्याला ऑर्डर द्या. त्याच्या ड्राइव्हवर डीटीसी लिहिलंय की व्हेक्टर, ते बघू नका.